छत, तळ आणि तारा: डार्वासच्या चौकटीची पद्धत

एखाद्या शेअरचा भाव वर्षभरातील सर्व जुने भाव ओलांडून नव्या उच्चांकावर जातो, तिथे काही दिवस थांबतो, एका अरुंद पट्ट्यात वरखाली होत राहतो आणि मग त्या पट्ट्याची वरची कड मोडून पुन्हा चढू लागतो, तेव्हा त्या थांब्याला एक निश्चित आकार देऊन खरेदीचा आणि विक्रीचा भाव आधीच ठरवून ठेवणारी जी पद्धत आहे, ती शेअर बाजारात डार्वासची चौकट किंवा बॉक्स या नावाने ओळखली जाते. या पट्ट्याच्या वरच्या कडेला छत आणि खालच्या कडेला तळ म्हणतात. छत कोणते व तळ कोणता हे नजरेच्या अंदाजाने न ठरवता मोजून ठरवावे, हा या पद्धतीचा पहिला आग्रह आहे आणि तिच्या प्रचलित वर्णनांत नेमका हाच आग्रह सर्वात आधी सुटतो.

निकोलस डार्वास हा 1920 मध्ये हंगेरीत जन्मलेला आणि व्यवसायाने नर्तक असलेला माणूस होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने देश सोडला आणि पुढे अमेरिकेत आपल्या नृत्याच्या कार्यक्रमांनी नाव मिळवले. शेअरशी त्याचा पहिला संबंध 1952 मध्ये आला, तो कॅनडातील एका खाण कंपनीचे शेअर त्याला कार्यक्रमाच्या मोबदल्यात देऊ केले गेले म्हणून. त्यानंतरची काही वर्षे त्याने अफवा, सल्लापत्रके आणि कंपन्यांचे ताळेबंद यांच्या मागे धावण्यात घालवली. पद्धत आकाराला आली ती मात्र 1956 नंतरच्या दीर्घ जागतिक दौऱ्यात. त्या काळात तो आशियातील आणि युरोपातील शहरांमध्ये कार्यक्रम करत फिरत होता, बॅरन्स हे आर्थिक साप्ताहिक त्याला काही दिवसांच्या विलंबाने मिळत होते आणि न्यूयॉर्कच्या ब्रोकरकडून तारेने फक्त निवडक शेअरचे भाव येत होते. बाजार चालू असताना भाव पाहणे शक्य नव्हते, त्यामुळे निर्णय आधी घेऊन त्याचा आदेश ब्रोकरकडे ठेवून देण्यावाचून पर्याय नव्हता. चौकटीचे बहुतेक सर्व नियम या अडचणीतून आले आहेत असे म्हणता येते, कारण दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव एवढ्याच सामग्रीवर ते उभे आहेत आणि प्रत्येक नियमाचे रूपांतर एका तारेत मावेल अशा आदेशात करता येते.

नव्या उच्चांकाची अट का, हा प्रश्न साहजिक आहे, कारण सर्वसाधारण ग्राहकाची बुद्धी स्वस्तात घ्यावे असे सांगते आणि ही पद्धत सर्वात महाग भावाला घ्यायला लावते. उत्तर बाजारातील अडकलेल्या लोकांच्या वागण्यात आहे. ज्या शेअरचा भाव कधीकाळी 500 रुपये होता आणि आता 400 रुपये आहे, त्यात 500 च्या आसपास खरेदी केलेले असंख्य लोक मुद्दल परत मिळण्याची वाट पाहत असतात, आणि भाव त्या पातळीकडे चढू लागला की ते विकून मोकळे होतात. ही विक्री भावाला वरून दाबते. ज्या शेअरने आपला आजवरचा सर्वोच्च भाव ओलांडला आहे, त्यात तोट्यात अडकलेला भागधारक जवळजवळ उरलेलाच नसतो, म्हणून वर जाण्याच्या वाटेवर हा जुना अडथळा राहत नाही. मात्र हा युक्तिवाद आजवरच्या उच्चांकाला जितका लागू पडतो तितका बावन्न आठवड्यांच्या उच्चांकाला पडत नाही, कारण वर्षापूर्वी त्याहून चढ्या भावाला घेणारे लोक असू शकतात, आणि म्हणून या दोन उच्चांकांना एकच समजणे ही सुरुवातीलाच होणारी चूक ठरते.

आता छताचा नियम. भाव नव्या उच्चांकावर गेला की त्या दिवसाचा सर्वोच्च भाव ही छताची उमेदवारी असते, छत नव्हे. पुढील सलग तीन दिवस कोणत्याही क्षणी भाव त्या पातळीला पोहोचला नाही, तरच ती पातळी छत म्हणून पक्की होते, आणि मध्येच ती ओलांडली गेली तर नव्या उच्चांकापासून मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. छत पक्के झाल्यानंतरच तळाचा शोध सुरू होतो, आणि त्याचा नियम याच्या उलट आहे: घसरणीत गाठलेला नीचांक पुढील सलग तीन दिवस पुन्हा गाठला गेला नाही की तो तळ. हा क्रम उलटवता येत नाही, कारण जोपर्यंत भाव वर जाणे थांबलेले नाही, तोपर्यंत त्याच्या खालच्या कडेला काही अर्थच नसतो.

हे एका कल्पित शेअरवर मोजून पाहिले म्हणजे स्पष्ट होते. समजा मुंबईच्या बाजारातील एका शेअरचा आजवरचा सर्वोच्च भाव 410 रुपये होता. पहिल्या दिवशी तो 418 पर्यंत आणि दुसऱ्या दिवशी 426 पर्यंत गेला. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या दिवसाचे उच्चांक अनुक्रमे 424, 421 आणि 419 राहिले, म्हणजे तीन दिवस 426 ला कोणी शिवले नाही, आणि पाचव्या दिवसाच्या अखेरीस 426 हे छत पक्के झाले. सहाव्या दिवशी भाव 402 पर्यंत उतरला. सातव्या, आठव्या आणि नवव्या दिवसाचे नीचांक 406, 407 आणि 405 असल्याने नवव्या दिवसाच्या अखेरीस 402 हा तळ ठरला. अशा रीतीने 402 ते 426 अशी चौकट तयार झाली, जिची उंची 24 रुपये, म्हणजे तळाच्या सुमारे 6 टक्के आहे. ही चौकट पूर्ण होण्यास उच्चांकानंतर सात दिवस लागले, आणि त्या सात दिवसांत काहीच करायचे नव्हते. नवशिक्या माणसाला हे सर्वात जड जाते, कारण डोळ्यांसमोर भाव हलत असतो आणि तळाजवळ शेअर स्वस्त दिसत असतो. परंतु तळाला खरेदी करणे हा या पद्धतीचा भाग नाही, कारण चौकटीच्या आत असलेला भाव वर फुटेल की खाली, हे चौकट सांगत नाही.

खरेदीचा आदेश छताच्या किंचित वर ठेवला जातो. भाव त्या पातळीला पोहोचल्याशिवाय खरेदी होऊच नये, अशी त्यात अट असते, आणि डार्वासच्या काळी न्यूयॉर्कच्या ब्रोकरकडे असा सशर्त आदेश ठेवून देण्याची सोय होती. वरील उदाहरणात तो 427 रुपयांना असेल. आज भारतातील बहुतेक ब्रोकर असे आदेश अनेक महिने जिवंत ठेवण्याची सोय देतात, म्हणजे तारेने पाठवलेल्या आदेशाचे काम आता मोबाइलवर होते. छत ओलांडले जात असताना उलाढाल, म्हणजे त्या दिवशी हस्तांतरित झालेल्या शेअरची संख्या, चौकटीतील दिवसांपेक्षा ठळकपणे जास्त असावी, अशी डार्वासची अपेक्षा होती. चौकटीत भाव शांत आणि उलाढाल कमी, आणि छत फुटताना दोन्हींत अचानक वाढ, हे चित्र दिसले तर नवे खरेदीदार खरोखर आले आहेत असे मानायला आधार मिळतो. भाव छताच्या वर गेला पण उलाढाल रोजच्याइतकीच राहिली, तर तो चढाव थोड्याशा खरेदीने घडलेला असू शकतो.

सर्वात विचार करायला लावणारा प्रश्न थांबा-भावाचा, म्हणजे स्टॉप-लॉसचा आहे. खरेदी केल्यावर भाव कोठे आला असता आपला अंदाज चुकला असे मानून विकून टाकायचे, हा भाव खरेदीच्या आदेशासोबतच ठरवायचा असतो. डार्वासचा युक्तिवाद असा होता की भाव छत फोडून वर गेला असेल आणि ते फुटणे खरे असेल, तर तो पुन्हा चौकटीत परतण्याचे कारण नाही, म्हणून थांबा छताच्या जवळच खाली असावा. त्याचा लॉरिलार्ड या सिगारेट कंपनीतील व्यवहार या विचाराचा गुण आणि दोष दोन्ही दाखवतो. 1957 च्या शरदात बाजार एकूण पडत असताना हा शेअर मात्र फिल्टर लावलेल्या केंट सिगारेटची मागणी वाढत असल्याने चढत होता आणि 24 ते 27 डॉलरच्या चौकटीत थांबला होता. डार्वासने साडेसत्तावीस डॉलरला 200 शेअर घेतले आणि थांबा 26 वर ठेवला. भाव नेमका 26 पर्यंत घसरला, शेअर विकले गेले आणि भाव लगेच वर वळला. दलाली सोडून तोटा 300 डॉलरचा झाला. यानंतर त्याने जे केले ते पद्धतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे: भाव पुन्हा वर आल्यावर त्याने तोच शेअर पावणेएकोणतीस डॉलरला परत घेतला, म्हणजे आदल्या विक्रीपेक्षा पावणेतीन डॉलर जास्त देऊन, आणि पुढे वाढवत नेलेले सर्व शेअर 1958 च्या मे महिन्यात 57 डॉलरच्या थोडे वर विकले. ज्या शेअरने नुकताच तोटा दिला आहे तोच अधिक भावाने पुन्हा विकत घेणे माणसाच्या स्वभावाला पटत नाही, आणि जवळचा थांबा वापरायचा असेल तर ही तयारी ठेवावीच लागते.

दुसरा मार्ग थांबा तळाच्या खाली ठेवण्याचा आहे, आणि नंतरच्या काळातील अनेक व्यापारी तो पसंत करतात. कल्पित शेअरच्या बाबतीत जवळचा थांबा 421 ला आणि दूरचा 401 ला असेल, तर 427 च्या खरेदीवर पहिल्यात प्रत्येक शेअरमागे 6 रुपयांची आणि दुसऱ्यात 26 रुपयांची जोखीम येते. एका व्यवहारात 5,000 रुपयांपेक्षा जास्त गमवायचे नाहीत असे ठरवले असेल, तर जवळच्या थांब्याने 833 शेअर घेता येतात आणि त्यासाठी सुमारे 3 लाख 56 हजार रुपये लागतात, तर दूरच्या थांब्याने 192 शेअर येतात आणि सुमारे 82 हजार रुपये पुरतात. कागदावर दोन्हींची जोखीम सारखीच आहे. परंतु समजा रात्री कंपनीबद्दल वाईट बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी शेअर थेट 395 ला उघडला, तर थांबा 421 ला असो की 401 ला, विक्री 395 च्या आसपासच होईल, आणि प्रत्येक शेअरमागे 32 रुपयांचा तोटा धरला तर 192 शेअरवर तो 6,144 रुपये आणि 833 शेअरवर 26,656 रुपये होईल. म्हणजे जवळच्या थांब्याने तोटा लहान होतो हे खरे असले, तरी त्या आधारे शेअरची संख्या वाढवली तर अचानक उघडणाऱ्या भावाची जोखीम चारपटीहून अधिक होऊन बसते. यामुळे जवळचा थांबा वापरणाऱ्याने संख्या मात्र दूरच्या थांब्याच्या हिशेबाने ठरवावी, हा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो, जरी त्यात एका व्यवहारातून मिळणारा नफा कमी होतो.

भाव छताच्या वर टिकला की नवी चौकट वरच्या मजल्यावर तयार होऊ लागते आणि तिच्या तळानुसार थांबा वर सरकवला जातो. उदाहरणादाखल, पुढे छत 446 आणि तळ 431 ठरला, तर 401 चा थांबा 430 वर येतो, म्हणजे 427 च्या खरेदीवर आता तोटा होण्याची शक्यता जवळजवळ संपते. त्यानंतरची चौकट 470 ते 489 अशी बनली, तर थांबा 469 होतो. थांबा फक्त वर जातो, खाली कधीच येत नाही, आणि नवा तळ तीन दिवसांच्या नियमाने पक्का होईपर्यंत तो हलवलाही जात नाही. या पद्धतीत नफा घेण्यासाठी कोणताही वरचा भाव ठरवलेला नसतो. भाव 489 ला असताना विकावे असे सांगणारा नियम तिच्यात नाही, कारण 489 हा शेवटचा उच्चांक आहे हे त्या दिवशी कोणाला ठाऊक नसते. भाव उतरून 469 ला आला की विक्री होते, 192 शेअरवर प्रत्येकी 42 रुपये म्हणजे 8,064 रुपये मिळतात, आणि शिखरावरून सुटलेले 20 रुपये सोडून द्यावे लागतात. मोठी तेजी पूर्ण पकडायची असेल, तर प्रत्येक वेळी शेवटचा तुकडा असा सोडणे ही तिची किंमत आहे.

पद्धत फसते ती मुख्यतः बाजूला चालणाऱ्या बाजारात, जेथे छते फुटतात पण भाव वर टिकत नाहीत. दहा व्यवहारांपैकी सहा व्यवहारांत प्रत्येकी 5,000 रुपये गेले, तर उरलेल्या चार व्यवहारांनी सरासरी 7,500 रुपयांहून जास्त मिळवल्याशिवाय दलाली आणि कर वजा जाता काही शिल्लक राहत नाही, आणि वर मोजलेला 8,064 रुपयांचा नफा या मर्यादेच्या जेमतेम वर आहे. म्हणून ही पद्धत वापरणाऱ्याचे वर्षाचे फळ बहुधा एकदोन मोठ्या चढावांवर अवलंबून असते आणि ते हातून सुटले तर उरते ती लहान तोट्यांची रांग. लागोपाठ तीनचार शेअरची छते फुटून भाव पुन्हा आत येऊ लागले, तर दोष त्या शेअरचा नसून बाजाराच्या हवेचा आहे, असे मानून खरेदी थांबवणे योग्य ठरते. पडत्या बाजारात मात्र ही पद्धत माणसाला बहुतेक वेळा स्वतःच दूर ठेवते, कारण तेव्हा नव्या उच्चांकावर जाणारे शेअर फारसे सापडत नाहीत.

भारतात आणखी दोन गोष्टी चौकट बिघडवतात. ज्या शेअरना दैनंदिन सर्किटची मर्यादा आहे, त्यांचा भाव लोअर सर्किटला जाऊन तेथे खरेदीदारच नसेल, तर थांब्याचा आदेश जागा होऊनही विक्री होत नाही, आणि त्यामुळे कमी उलाढालीच्या लहान कंपन्यांत छत-तळाचे सर्व मोजमाप निरर्थक ठरू शकते. बोनस किंवा शेअर विभाजनानंतर जुने भाव त्या प्रमाणात कमी करून न घेतल्यास आलेखावर जुना उच्चांक अवास्तव चढा दिसतो आणि खरा नवा उच्चांक नजरेतून निसटतो.

डार्वासच्या यशाकडे पाहतानाही काही गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. त्याचा एक मोठा नफा, सुमारे 2 लाख 95 हजार डॉलर, ई. एल. ब्रूस या लाकडी फरशी बनवणाऱ्या कंपनीतून आला. त्या शेअरमध्ये 1958 मध्ये कंपनीचा ताबा घेण्यासाठी एका गटाने खरेदी चालवली होती, शेअर हाती नसताना आधीच विकून बसलेले लोक ते परत मिळवण्यासाठी वाटेल तो भाव द्यायला तयार झाले होते आणि अखेर अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजने त्या शेअरचे व्यवहार थांबवले होते. चौकटीने त्याला आत नेले हे खरे, पण सुमारे 52 डॉलरच्या सरासरी भावाने घेतलेले शेअर सुमारे 171 डॉलरला विकता आले ते त्या पेचप्रसंगामुळे, आणि असा प्रसंग कोणत्याही नियमाने बोलावता येत नाही. त्याच्या पुस्तकाच्या शीर्षकातच 20 लाख डॉलरचा दावा आहे. 1960 मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर न्यूयॉर्कचे तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल लुई लेफ्कोविट्झ यांनी त्या दाव्याला जाहीर आव्हान दिले होते. नफ्याचा आकडा कोणताही असो, तो बऱ्याच अंशी 1958 आणि 1959 च्या जोरदार तेजीत मिळालेला आहे, हे नाकारता येत नाही.

याच पुस्तकातील एक प्रसंग चौकटीच्या नियमांवर इतर कशाहून अधिक प्रकाश टाकतो. मोठा नफा झाल्यावर डार्वास न्यूयॉर्कला परतला आणि ब्रोकरच्या कार्यालयात बसून दिवसभर भाव पाहू लागला. अवघ्या काही आठवड्यांत त्याने सुमारे 1 लाख डॉलर गमावले, कारण भोवतीची चर्चा, ब्रोकरांची मते आणि दर मिनिटाला बदलणारे आकडे यांनी तीन दिवस वाट पाहण्याचा नियम मोडायला लावला, आणि छत फुटण्याआधी खरेदी व थांबा लागण्याआधी विक्री होऊ लागली. नियम तेच होते, बाजारही तोच होता. त्याने न्यूयॉर्क सोडून पॅरिस गाठले आणि ब्रोकरला फोन करण्यास मनाई केली. पुढे न्यूयॉर्कला आल्यावरही तो बाजाराच्या कार्यालयांपासून दूर राहिला, आणि भावांची तार बाजार बंद झाल्यानंतरच हाती पडेल अशी व्यवस्था त्याने करून ठेवली.